४७ मिनिटांच्या सातबारा व्हिडिओला टीझर: नेमकं काय मिळणार हे ४० सेकंदांत कसं सांगावं?

गटनंबर | सोमवार, रात्री ९:४०

मी तालुक्याच्या गावी एका वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. रोज कुणीतरी सातबारा पुढे धरून म्हणतं, "ताई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा." म्हणून 'सातबारा स्वतः वाचा' असा व्हिडिओ तयार केलाय. ४७ मिनिटांचा आहे. गाव नमुना सातचा एकेक रकाना घेऊन सावकाश समजावलंय, शेवटी बाराचा पीकपाण्याचा भाग आहे. तो लहान करायचा नाही, कारण घाईने सांगितलं की लोक चुकीचा अर्थ काढतात आणि तो अर्थ घेऊन इसार देऊन बसतात.

याआधीचा फेरफारावरचा व्हिडिओ बघून एक गोष्ट लक्षात आली. किती जण बघत राहिले ते दाखवणारा आलेख पहिल्याच मिनिटात धाडकन खाली येतो, आणि खाली कमेंटमध्ये लोक नेमकं तेच विचारतात जे व्हिडिओत पुढे सविस्तर सांगितलंय. म्हणजे त्यांना हवं ते आत आहे हे त्यांना कळतच नाही.

म्हणून या वेळी सुरुवातीला ४० सेकंदांचा टीझर जोडायचाय. लिहिलाय तो असा:

(ड्रोनमधून शिवार, संगीत) "एक कागद. ज्यावर तुमच्या पिढ्यांची कमाई अवलंबून आहे. पण तो कागद तुम्हाला वाचता येतो का? एक छोटीशी चूक आणि आयुष्यभराचा पश्चात्ताप. सातबाऱ्यामागची सगळी रहस्यं उलगडणार आहोत या व्हिडिओत. शेवटपर्यंत नक्की बघा."

घरच्यांना आवडला. मला मात्र यात काहीतरी नाहीये असं वाटतंय. कुणी सांगाल का?

---

प्रसाद_सिन्नर | सोमवार, रात्री १०:०५

चांगला आहे की. फक्त वेग वाढवा. व्हिडिओतले सगळ्यात जोरदार क्षण एकेक सेकंदाचे तुकडे करून लावा, मागे ठेका द्या, आणि उत्तर कुठेच देऊ नका. उत्तर दिलं की माणूस गेला. मी ट्रॅक्टर आणि अवजारांचे व्हिडिओ करतो, तिथे हेच चालतं. नांगर जमिनीत शिरतो तो तुकडा लावायचा आणि ढेकूळ फुटायच्या आत कापायचा.

---

टाइमलाइन | सोमवार, रात्री ११:१२

गटनंबर, तुम्हाला जे नाहीये असं वाटतंय ते हे: या ४० सेकंदांत सातबाऱ्यावरचा एकही शब्द नाही. 'सातबारा' काढून 'मृत्युपत्र' किंवा 'विमा पॉलिसी' घातलं तरी संहिता जशीच्या तशी चालेल. ज्याला हवं ते आत आहे हे कळत नाही अशी तुमचीच तक्रार आहे, आणि हा टीझर त्याला तेच पुन्हा सांगत नाहीये.

मी शिकवणीचे आणि शेतीचे व्हिडिओ संकलित करते. टीझर लिहायच्या आधी मी व्हिडिओ करणाऱ्याकडून एक यादी मागते. यादीतलं प्रत्येक वाक्य एकाच साच्यात हवं: अमुक बघून तमुक सांगता येईल. 'सातबाऱ्याची माहिती मिळेल' हे चालत नाही. 'उताऱ्याच्या वरच्या भागात भूधारणा पद्धती बघून, ही जमीन विकायला परवानगीचा प्रश्न येतो का ते सांगता येईल' हे चालतं. प्रत्येक वाक्यापुढे ते व्हिडिओत कितव्या मिनिटाला आहे ते लिहायचं. ज्याच्यापुढे मिनिट लिहिता येत नाही ते वाक्य कापायचं, कारण ते तुमच्या मनात आहे, व्हिडिओत नाही.

ही यादी इथे टाका, मग पुढचं बोलू.

प्रसाद, अवजाराच्या व्हिडिओत तुमचं बरोबर आहे, कारण नांगर काय करणार हे चित्रातच दिसतं. इथे चित्र म्हणजे बारीक अक्षरांचा कागद. एका सेकंदाच्या तुकड्यात तो नुसता पांढरा दिसतो.

---

बाळू७८ | मंगळवार, सकाळी ७:३०

नमस्कार ताई. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव कंसात आहे आणि त्यावर आडवी रेघ मारली आहे. वडिलांचं आणि दोन काकांचं नाव खाली आहे. आत्याचं कुठेच नाही. म्हणजे आजोबांचा हक्क गेला का? आणि आत्याचं नाव लावायला काय करावं लागेल? फोनवर बोलता येईल का?

---

निवृत्त_मंडळ | मंगळवार, सकाळी ८:५०

बाळू, रेघ मारलेली नोंद म्हणजे ती आता चालू नाही. आजोबा वारले असतील तर वारसाचा फेरफार झाला असेल. त्या नावाच्या बाजूला फेरफार क्रमांक आहे, त्या फेरफाराची नक्कल काढा. आत्याचं नाव त्यात का आलं नाही, आलं होतं आणि हक्कसोड झाला का, हे तिथेच कळेल. ते बघितल्याशिवाय कुणाचा हक्क गेला किंवा राहिला असं बोलू नका.

गटनंबर, तुमचा उद्योग चांगला आहे. टीझरमध्ये कायद्याचं वाक्य घालाल तेव्हा मला आधी दाखवा. चार शब्दांत कायदा सांगायला गेलं की तो हमखास चुकतो.

---

गटनंबर | मंगळवार, दुपारी २:१५

बाळूदादा, फोनवर नको, पण तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग व्हिडिओत २६व्या मिनिटाला आहे. आत्याच्या नावाचं नाही, तो वारस नोंदीचा वेगळा विषय आहे.

टाइमलाइन ताई, यादी केली. आधी बरीच मोठी झाली होती, तुमच्या नियमाने गाळल्यावर एवढी उरली:

भूधारणा पद्धती बघून वर्ग १ की वर्ग २ ते सांगता येईल, आणि वर्ग २ असेल तर पुढे कुणाला विचारायचं ते कळेल (१९वं मिनिट).
कंस आणि आडवी रेघ बघून कुठली नावं चालू आहेत आणि कुठली नाहीत ते सांगता येईल (२६वं).
इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का ते शोधता येईल (३१वं).
'प्रलंबित फेरफार' बघून तलाठ्याकडे काही नोंद अडकली आहे का ते कळेल (३४वं).
पोटखराबा धरून एकूण क्षेत्र जुळतं का ते तपासता येईल (१२वं).

'फसवणूक टाळता येईल' हेही लिहिलं होतं. त्याच्यापुढे मिनिट लिहिता येईना, म्हणून काढलं.

---

टाइमलाइन | मंगळवार, रात्री १०:४०

यादी उत्तम झाली. यातल्या तीनच टीझरमध्ये घ्या. पाचही घ्यायचा मोह होईल, पण फोनवर बघणाऱ्याच्या डोळ्याला कागदावरची जागा सापडायला, ती वाचायला आणि तिचा अर्थ कानावर पडायला मिळून सात-आठ सेकंद लागतात. चाळीस सेकंदांत अशा तीन जागा मावतात. उरलेला वेळ दुसऱ्या दोन गोष्टींसाठी लागतो, त्या खाली सांगते.

कुठल्या तीन? ज्या बघणारा तिथल्या तिथे आपल्या उताऱ्यावर शोधू शकेल त्या. बाळूंचा प्रश्न पुन्हा वाचा. ते टीझर बघत नव्हते, तरी त्यांच्या मनात कंस आणि रेघ होतीच. म्हणजे ही जागा घ्यायचीच. वर्ग २ घ्या, कारण तो शब्द लोकांनी ऐकलेला असतो पण उताऱ्यावर तो कुठे असतो हे माहीत नसतं. तिसरी प्रलंबित फेरफाराची. ती बहुतेकांना माहीतच नसते, आणि आपल्याला ठाऊक नसलेलं काही आत आहे हे तिच्यामुळे कळतं. क्षेत्र जुळवणं घेऊ नका. ते समजवायला आकडेमोड लागते आणि आठ सेकंदांत ती कोरडी वाटते.

आता त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे पुरावा. 'तुम्हाला वाचता येईल' हे तुम्ही बोलून कुणी मानणार नाही. ज्यांना आधी वाचता येत नव्हतं अशा एखाद्या व्यक्तीने पूर्ण व्हिडिओ बघितल्यावर दुसराच, अनोळखी उतारा हातात घेऊन बोट ठेवून सांगितलेलं दाखवा. चेहरा नसला तरी चालेल, बोट आणि आवाज पुरे. तो खराच हवा, पाठ करून घेतलेला नको. पाठ केलेलं बोट थेट जागेवर पडतं. खरं वाचणाऱ्याचं बोट आधी वरच्या ओळींवरून फिरतं, थांबतं, मग खाली येतं. बघणाऱ्याला हा फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काय मिळणार नाही ते. एका वाक्यात. हे ठेवलं की बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो, आणि नको ती आशा धरून आलेला माणूस वीस मिनिटांनी चिडून जात नाही.

---

प्रसाद_सिन्नर | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, काय मिळणार नाही हे सुरुवातीलाच सांगायचं? म्हणजे आलेल्या गिऱ्हाईकाला दारातूनच परत पाठवायचं. आणि वर्ग २ म्हणजे काय हे टीझरमध्ये सांगून टाकलं तर १९व्या मिनिटापर्यंत कोण थांबेल?

---

टाइमलाइन | मंगळवार, रात्री ११:३०

दुसरा प्रश्न रास्त आहे. टीझरमध्ये जागा दाखवायची आणि ती महत्त्वाची का आहे ते सांगायचं. 'मग मी काय करू' हे मात्र आत ठेवायचं. वर्ग २ कुठे लिहिलेलं असतं हे कळल्यावर माणूस आपला उतारा उघडतो, तिथे तो शब्द सापडतो आणि तिथूनच त्याचा खरा प्रश्न सुरू होतो. ज्याच्या उताऱ्यावर वर्ग १ निघालं तो कदाचित जाईल. जाऊ दे, त्याचं काम झालं.

---

माणदेशी_टोरांटो | बुधवार, सकाळी ६:२०

मी बघणाऱ्याच्या बाजूने सांगतो. गावी भावांबरोबर सामाईक जमीन आहे, मी वर्षातून एकदा येतो. असले व्हिडिओ मी रात्री मुलं झोपल्यावर लॅपटॉपवर बघतो. ४७ मिनिटांची मला भीती नाही. भीती ही की ४७ मिनिटं बघून शेवटी कळेल, यासाठी आधी अमुक कागद काढून बसायला हवं होतं. मग पुन्हा पहिल्यापासून बघणं होत नाही.

म्हणून टीझरमध्येच सांगा की हातात काय घेऊन बसायचं. फुकट दिसणारा उतारा चालेल की डिजिटल सहीचा लागेल? आठ-अ लागेल का?

आणि एक सुचवतो. कागद दाखवाल तो मोठा दाखवा. एका व्हिडिओत पूर्ण पान पडद्यावर होतं आणि बोलणारे गृहस्थ म्हणत होते, "इथे बघा." मला काहीच दिसत नव्हतं.

---

गटनंबर | बुधवार, दुपारी १:५०

हे मला सुचलंच नव्हतं, धन्यवाद. फक्त सातबारा पुरतो, आठ-अ लागत नाही. डिजिटल सहीचा असेल तर उत्तम, digitalsatbara.mahabhumi.gov.in वर १५ रुपयांत मिळतो. पण वाचायला शिकायचं एवढंच असेल तर बिनसहीचाही चालतो.

कागद मी फोनने शूट केलाय, टेबलावर ठेवून. झूम केलं की अक्षरं पसरतात. काय करू?

---

टाइमलाइन | बुधवार, रात्री ९:१५

कागद शूट करूच नका. पीडीएफचं पान चित्र म्हणून काढा आणि तेच संकलनात मोठं करा. ए-फोरचं पान ३०० डीपीआयला काढलं तर रुंदी २४८० पिक्सेल येते. तुमची फ्रेम १९२० रुंद आहे. म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त मोठं केलं की अक्षरं पसरायला लागतात, आणि तुम्हाला एकच रकाना पडदाभर हवाय. ६०० डीपीआयला काढा, रुंदी ४९६० होते, अडीचपट मोठं केलं तरी रेघ तुटत नाही. मात्र मूळ पीडीएफच स्कॅन केलेला असेल तर याचा उपयोग नाही. मजकूर जिवंत हवा, म्हणजे माउसने निवडता येईल असा.

झूम करताना एकदम रकान्यावर उडी मारू नका. आधी पूर्ण पान अर्धा-पाऊण सेकंद, बाकीचा भाग थोडा अंधारलेला आणि रकाना उजळ, आणि मग आत जा. नाहीतर बघणाऱ्याला आपल्या उताऱ्यावर ती जागा कुठे शोधायची ते कळत नाही, आणि आपण ती तीन वाक्यं निवडली ती त्याने शोधावी म्हणूनच.

नावं झाकताना जपा. झूम होताना कागद सरकतो आणि झाकण जागेवरच राहतं, मग मधल्या चार-पाच फ्रेममध्ये नाव उघडं पडतं. झाकण कागदाच्या चित्रावरच रंगवून घ्या, संकलनात वरून ठेवू नका. आणि क्यूआर कोड झाका. लोक नावं झाकतात आणि तो तसाच सोडतात. व्हिडिओ थांबवून कुणीही तो स्कॅन करू शकतो.

---

वैशाली_गणित | बुधवार, रात्री १०:००

मी दहावीच्या भूमितीचे व्हिडिओ करते. माझ्याकडे टीझर असा नसतोच, मी थेट एक गणित फळ्यावर लिहिते आणि म्हणते, हे सुटत असेल तर व्हिडिओ बघू नका. मुलं प्रयत्न करतात, अडकतात आणि थांबतात. तुमच्याकडे तसं करता येईल का? एक उतारा दाखवायचा आणि विचारायचं, ही जमीन आज विकत घ्याल का? शेवटी त्याच उताऱ्याचं उत्तर.

---

टाइमलाइन | बुधवार, रात्री १०:२५

वैशाली, कल्पना छान आहे, पण तुमच्या मुलांना परीक्षा आहे आणि गणिताला एकच उत्तर आहे. इथे 'विकत घ्याल का' याचं उत्तर नुसत्या सातबाऱ्यावरून देता येईल का याची मला शंका आहे. निवृत्त_मंडळ काकांनी सांगावं.

---

निवृत्त_मंडळ | गुरुवार, सकाळी ९:१०

देता येत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावरची नोंद खरी आहे असं गृहीत धरलं जातं, पण विरुद्ध पुरावा आला की ते गृहीतक टिकत नाही. मालकीचा अंतिम पुरावा म्हणून तो दाखवू नका. जमीन घ्यायची तर वकिलाचा शोध अहवाल लागतोच. त्यामुळे तो प्रश्न टीझरमध्ये घातलात तर तुम्ही जे देऊ शकत नाही त्याचंच वचन देताय.

---

गटनंबर | गुरुवार, रात्री ८:३०

सगळं ध्यानात घेऊन नव्याने लिहिलंय. काका, यातलं कायद्याचं तेवढं बघाल का?

०–९ सेकंद. पान, मग भूधारणा पद्धतीचा रकाना पडदाभर. "तुमच्या सातबाऱ्यावर इथे 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल, तर सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही."

९–१७. कंस केलेलं, रेघ मारलेलं नाव. "हे नाव कागदावर दिसतंय, पण या माणसाचा जमिनीत आता हक्क नाही."

१७–२५. इतर हक्काच्या खालची ओळ. "इथे 'प्रलंबित फेरफार नाही' असं लिहिलेलं नसेल, तर तलाठ्याकडे एखादी नोंद अजून अडकलेली असू शकते."

२५–३३. शेजारच्या काकूंचं बोट, अनोळखी उतारा. "हं... हे वर्ग एक आहे. आणि ही दोन नावं रेघ मारलेली, म्हणजे चालू तिघांचीच."

३३–३८. मी. "जमिनीची मालकी निर्विवाद आहे का, हे या व्हिडिओत कळणार नाही. त्यासाठी वकिलाचा शोध अहवाल लागतो."

३८–४४. "तुमचा सातबारा समोर घेऊन बसा, बाकी कुठला कागद लागत नाही. फक्त वर्ग २ बघायचं असेल तर थेट १९व्या मिनिटाला जा."

काकूंचं बोट खरं आहे. त्यांनी आधी 'आकार' या शब्दावर बोट ठेवलं होतं आणि मग वर गेल्या. ते तसंच ठेवलंय.

---

निवृत्त_मंडळ | शुक्रवार, सकाळी ८:००

पहिलं आणि दुसरं वाक्य बदला.

वर्ग २ मध्ये अनेक प्रकारच्या जमिनी येतात आणि प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. उदाहरणार्थ कूळकायद्याच्या कलम ४३ च्या जमिनीत खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते. त्यामुळे 'विकता येत नाही' हे सरसकट खोटं ठरतं, आणि ज्याची जमीन अशी आहे तो तुमचा पुढचा शब्द ऐकणार नाही. असं म्हणा: "तर सौदा करण्याआधी परवानगीचा प्रश्न सोडवावा लागतो."

दुसऱ्यात 'या माणसाचा हक्क नाही' नको. बाळूच्या आजोबांसारखा माणूस मयत असतो, किंवा नोंदीवर अपील चालू असतं. "ही नोंद आता चालू नाही. का नाही, ते शेजारच्या फेरफार क्रमांकावरून शोधायचं." तिसरं वाक्य ठीक आहे, 'असू शकते' ठेवलंत हे बरं केलंत.

---

प्रसाद_सिन्नर | शुक्रवार, सकाळी ९:२०

आधीपेक्षा खूपच बरा आहे, मान्य. पण '१९व्या मिनिटाला जा' हे मला अजून पटत नाही. माणूस उडी मारून पाच मिनिटं बघतो आणि जातो. एकूण बघितलेला वेळ कमी होतो, मग यूट्यूब व्हिडिओ पुढे ढकलत नाही. खाली प्रकरणांच्या वेळा द्याच, पण तोंडाने बोलू नका.

---

टाइमलाइन | शुक्रवार, दुपारी १२:४५

इथे माझं प्रसादशी जुळत नाही. वर्ग २ पुरतंच हवं असलेला माणूस तसाही पहिल्या मिनिटात निघून जात होता, तो पाच मिनिटं थांबला तर ती मिळकतच. पण गटनंबरच्या प्रेक्षकांत असे किती आणि सलग बघणारे किती हे आपल्याला माहीत नाही, त्यामुळे मी पैज लावणार नाही. प्रकरणांसाठी एवढं पाळा: पहिली वेळ ०:०० हवी, निदान तीन प्रकरणं हवीत आणि एकही दहा सेकंदांपेक्षा लहान नको, नाहीतर ती पट्टीवर दिसतच नाहीत.

टीझर संपतो तो सांधा जपा. ४४व्या सेकंदाला टीझर संपला आणि ४५व्याला 'नमस्कार मंडळी, माझ्या चॅनलवर स्वागत, आज आपण सातबारा म्हणजे काय ते बघणार आहोत' आलं, तर सगळं कमावलेलं जातं, कारण तो काय बघणार हे ऐकूनच थांबलाय. टीझरनंतर थेट पहिला रकाना. नाव सांगायचं तर एका वाक्यात, कागद पडद्यावर असताना.

नंतर तपासताना: यूट्यूब स्टुडिओ ३० सेकंदांना किती जण उरले ते दाखवतो. तुमचा टीझर त्यापुढे जातो, म्हणून त्या एका आकड्यावर खूश किंवा नाराज होऊ नका. आलेखावर ४५ ते ७० सेकंदांचा भाग बघा. तिथे कडा तुटल्यासारखी उतरली असेल तर सांधा बिघडलाय, टीझर नाही. टीझरच्या आतच, समजा २० सेकंदांपाशी उतरली, तर त्या जागेचं वाक्य किंवा झूम बिघडलंय. आणि १९, २६ आणि ३४ या मिनिटांपाशी आलेख थोडा वर उचललेला दिसला, तर लोक टीझरमधलं वचन शोधत तिथे पोचताहेत. ती खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

---

माणदेशी_टोरांटो | शनिवार, सकाळी ५:५०

हाच टीझर शॉर्ट म्हणूनही टाकणार का? माझ्याकडे असले व्हिडिओ बहुतेक भाऊ शॉर्ट म्हणूनच पाठवतो.

---

टाइमलाइन | शनिवार, सकाळी ११:००

टाका, पण आहे तसा उचलून नको. उभ्या फ्रेममध्ये खालची आणि उजवी बाजू चॅनलचं नाव आणि बटणांखाली जाते. प्रलंबित फेरफाराची ओळ पानात तळाशी आहे, ती नेमकी त्यांच्याखाली दडेल. रकाना फ्रेमच्या मध्यावर आणा. शेवटचं वाक्यही बदला. '१९व्या मिनिटाला जा' तिथे निरर्थक आहे, कारण तो व्हिडिओ समोर नाही. शॉर्टच्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही, म्हणून स्टुडिओत 'संबंधित व्हिडिओ' मध्ये मोठा व्हिडिओ जोडा आणि "पूर्ण व्हिडिओ खाली नावावर दाबून उघडा" एवढंच बोला.

---

गटनंबर | शनिवार, रात्री ९:००

काकांची दोन्ही वाक्यं घेतली, सांधा बदलला. १९व्या मिनिटाचं तोंडी वाक्य ठेवतेय, कारण ऑफिसात येणारी माणसं एकच प्रश्न घेऊन येतात. प्रसाददादा, नाही जमलं तर पुढच्या व्हिडिओत तुमच्या पद्धतीने करून बघेन. एक विचारायचं राहिलं: टीझर फसला तर नंतर बदलता येईल का, की नव्याने अपलोड करावं लागेल?

---

टाइमलाइन | रविवार, सकाळी १०:१५

त्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही. शीर्षक आणि थंबनेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या तपासता येतात, सुरुवातीच्या नाही. पण स्टुडिओच्या संपादकात सुरुवातीचा भाग कापता येतो. म्हणजे टीझर काढता येतो, नवा जोडता येत नाही. म्हणून टीझरच्या शेवटच्या फ्रेमनंतर आवाज आणि चित्र दोन्ही स्वच्छ तुटतील असं ठेवा. संगीत टीझरमधून पुढच्या भागात ओढत नेलंत तर कापल्यावर ते अर्ध्यातून सुरू होईल. आणि कापलंत तर खालच्या सगळ्या प्रकरणांच्या वेळा ४४ सेकंदांनी मागे घ्यायला विसरू नका.

---

बाळू७८ | रविवार, दुपारी १२:३०

ताई, फेरफाराची नक्कल मिळाली. त्यात आत्याने हक्कसोड करून दिल्याचं लिहिलंय, पण आत्या म्हणते मी सही केलीच नाही. हे व्हिडिओत येईल का?

---

गटनंबर | रविवार, दुपारी १:१०

नाही येणार, बाळूदादा. हे टीझरच्या ३३व्या सेकंदाचं आहे, वकिलांकडेच जा. जाताना फेरफाराची नक्कल आणि हक्कसोड नोंदणीकृत असेल तर त्या दस्ताचा क्रमांक घेऊन जा. तो फेरफारातच लिहिलेला असतो.